रेकॉर्डिंग चालू आहे... पण हे सांगितलं कुणी?

‘रेकॉर्डिंग इन प्रोग्रेस!’

बाईंचा तो गोड, इंग्रजी, जराही न अडखळणारा आवाज. लॉकडाऊनच्या काळात तो आपल्या हॉलमध्ये, बेडरूममध्ये, चक्क किचनमध्ये शिरला आणि मग तिथेच राहिला. पण खरं सांगा, तो आवाज ऐकून तुम्ही आजवर काय केलंय? केस नीट केले असतील. मागच्या दोरीवरचा टॉवेल कॅमेऱ्यात दिसतोय का बघितलं असेल. ‘कशासाठी रेकॉर्ड करताय? कोण बघणार? किती दिवस ठेवणार?’ हे प्रश्न विचारले? शक्यच नाही. स्क्रीनवर एक चौकोन येतो, त्यावर ‘Got it’ लिहिलेलं असतं, आपण अंगठा टेकवतो आणि मोकळे होतो.

मी जालन्यातल्या छोट्या-मोठ्या ऑफिसांची आयटीची कामं बघते. म्हणजे वायफाय चालत नाही इथपासून ते साहेबांचा पासवर्ड साहेबच विसरले इथपर्यंत सगळं. जालना म्हटलं की तुम्हाला स्टीलच्या रोलिंग मिल आठवतील, मोसंबी आठवेल. पण या गावाची दुसरी ओळख आहे बियाणं. आणि बियाण्याच्या धंद्यात मीटिंगा भरपूर! हेड ऑफिस इथे, फील्डची माणसं भोकरदन, जाफराबाद, अंबड, मंठ्याला, आणि प्लॉट घेणारे शेतकरी त्याहून आत गावात. पूर्वी यासाठी जीपगाड्या पळायच्या, आता लिंक पळते. अशाच एका बियाणं कंपनीने (नाव विचारू नका) मला बोलावलं ते एका भांडणानंतर. भांडण पैशाचं वाटत होतं, पण मुळात होतं ‘Got it’ या दोन शब्दांचं.

एक क्लिक, सहा माणसं

त्याचं झालं असं. कंपनी काही शेतकऱ्यांकडून शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं करून घेते. मधे असतो ‘ऑर्गनायझर’, म्हणजे गावातला असा माणूस, जो प्लॉट ठरवतो, मजूर बघतो, माल कंपनीला पोचवतो. दर पंधरा दिवसांनी झूमवर मीटिंग. त्या दिवशी स्क्रीनवर 19 चौकोन होते. पण प्रत्येक चौकोनामागे एकच माणूस होता का? छे! ऑर्गनायझरच्या ओट्यावर एकच मोबाइल, तो ब्लूटूथ स्पीकरला जोडलेला, आणि भोवती पाच शेतकरी. असे चार-पाच ओटे.

बोलता बोलता एक शेतकरी सहज म्हणाला, की मजूर न मिळाल्याने आपलं क्रॉसिंग तीन-चार दिवस रखडलं. घरच्या माणसांत बोलावं तसं. पुढे काही महिन्यांनी त्याच्या लॉटची जीओटी झाली. जीओटी म्हणजे बी पेरून, रोपं वाढवून, वाण शुद्ध आहे की नाही हे बघायची चाचणी. लॉट फेल झाला, पेमेंट अडकलं. शेतकरी जाब विचारायला आला तेव्हा एका अधिकाऱ्याने लॅपटॉप उघडला आणि त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं, तारीख-वेळेसकट!

आता चाचणी फेल झाली ती झालीच, त्यात रेकॉर्डिंगचा काही संबंध नाही. पण तो माणूस चिडला तो वेगळ्याच गोष्टीवर. ‘तुम्ही माझा आवाज भरून ठेवला, अन् मला सांगितलं बी नाही?’ कंपनीचं उत्तर तयार होतं: सांगितलं होतं की! स्क्रीनवर सूचना आली होती, आणि तुमच्याकडून होकार दिलेला आहे.

दोन्ही बाजू खरं बोलत होत्या, हीच तर गंमत आहे. सूचना आली होती. होकार दिला होता. पण दिला होता ऑर्गनायझरने, कारण मोबाइल त्याच्या हातात होता. त्याने अंगठा टेकवला आणि त्या एका टेकवण्यात ओट्यावरच्या सहाही जणांची संमती कंपनीच्या हिशोबी जमा झाली. मीटिंग सॉफ्टवेअर सूचना देतं ती यंत्राला, माणसाला नाही. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं, की पुढची सगळी सेटिंग्ज आपोआप कळत जातात.

आवाज कुणी बंद केला?

मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर त्या कंपनीच्या झूम अकाउंटमधली सेटिंग्ज. वेब पोर्टलवर लॉगिन केलं, की Settings मध्ये Recording नावाचा टॅब असतो. रेकॉर्डिंगची सूचना कशी द्यायची हे सगळं तिथे ठरतं. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक आहे ती डोळ्यांसाठी: तो चौकोन, ज्यात ‘Got it’ आणि ‘Leave Meeting’ असे पर्याय येतात. दुसरी आहे कानांसाठी: त्या बाईंचा आवाज, जो रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर वाजतो आणि उशिरा आलेल्यालाही ऐकू येतो.

इथे चौकोन चालू होता, आवाज बंद! कुणी केला बंद? चौकशी केल्यावर कळलं, दोन वर्षांपूर्वी एका सेल्स मॅनेजरला तो आवाज ‘इरिटेटिंग’ वाटला होता. बोलणं ऐन रंगात आलेलं असताना बाई मधेच बोलतात म्हणे. ऑफिसात बसून हेडफोन लावणाऱ्या माणसासाठी हे ठीकच आहे, चौकोन तो वाचू शकतो. पण ओट्यावर स्पीकरभोवती बसलेल्या माणसापर्यंत पोचणारी एकमेव सूचना तो आवाजच होता. इंग्रजी का असेना, काहीतरी वाजलं, काय वाजलं असं विचारायला जागा तर होती! ती जागाच एका क्लिकने गेली.

झूममध्ये अॅपशिवाय थेट फोन नंबर फिरवूनही मीटिंगमध्ये येता येतं. अशा माणसाला स्क्रीनच नसते, म्हणून त्याच्यासाठी सूचना आवाजातच देतात. अॅपवाल्यांसाठी आवाज बंद ठेवला तरी फोनवाल्याला निदान एकदा ती ऐकू येते. म्हणजे बघा, साधा कीपॅडचा फोन असलेल्या आजोबांना कळलं असतं आणि स्मार्टफोनभोवती बसलेल्या पोरांना नाही.

बाकीच्यांचे फंडे

तुमच्या ऑफिसात झूम नसेल, तर टीम्स किंवा गुगल मीट असेल. प्रत्येकाची सांगायची पद्धत वेगळी, आणि फरक दिसायला लहान असला तरी कामाचा आहे.

टीम्समध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं, की सगळ्यांच्या स्क्रीनवर वर एक पट्टी येते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ही पट्टी फक्त कळवते, विचारत नाही. मीटिंगमध्ये थांबलात म्हणजे मान्य, असा तिचा एकूण सूर. त्या पट्टीत प्रायव्हसी पॉलिसीची एक लिंक असते. ती लिंक तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या पानावर नेता येते, हे फार थोड्या ऑफिसांना ठाऊक असतं. मायक्रोसॉफ्ट एंट्रा नावाचं जे अॅडमिनचं पान आहे, तिथे कंपनीच्या माहितीत ‘Privacy statement URL’ असा रकाना आहे. तिथे तुमच्या मराठी सूचनेच्या पानाचा पत्ता टाका, झालं.

पण टीम्सचं खरं भन्नाट सेटिंग वेगळंच आहे. ते चालू केलं, की रेकॉर्डिंग सुरू होताच सगळ्यांचे माइक आणि कॅमेरे बंद होतात. तुम्ही बोलायला माइक सुरू करायला गेलात, की तुम्हाला विचारलं जातं: रेकॉर्ड व्हायला तयार आहात का? हो म्हणालात तर बोला. नाही म्हणालात तर मीटिंगमधून हाकलत नाहीत! तुम्ही बघू शकता, ऐकू शकता, फक्त तुमचा आवाज आणि चेहरा जात नाही. आणि कोण हो म्हणालं याची नोंद हजेरीच्या रिपोर्टमध्ये येते. झूमच्या चौकोनात ‘राहा नाहीतर जा’ असे दोनच रस्ते आहेत. इथे तिसरा रस्ता आहे, गप्प बसून ऐकण्याचा. मला तरी हा जास्त सभ्य वाटतो.

हे अॅडमिन सेंटरमध्ये Meeting policies खाली मिळतं, किंवा पॉवरशेल वापरणारा कुणी ऑफिसात असेल तर एका ओळीत होतं:

```
Connect-MicrosoftTeams
Set-CsTeamsMeetingPolicy -Identity Global -ExplicitRecordingConsent Enabled
```

एक खोच लक्षात ठेवा. Global म्हणजे ज्यांना वेगळी पॉलिसी दिलेली नाही, असे सगळे. आधीच्या आयटीवाल्याने डायरेक्टर मंडळींसाठी किंवा सेल्ससाठी वेगळी पॉलिसी करून ठेवली असेल, तर ती माणसं यातून सुटतात. आणि मीटिंगा सर्वांत जास्त तीच घेतात! त्यामुळे प्रत्येक पॉलिसी उघडून बघायची. ती बदलली की लगेच लागू होत नाही, काही तास जातात, त्यामुळे सोमवारी सकाळच्या रिव्ह्यूआधी अर्धा तास हे करायला बसू नका.

गुगल मीटचं सरळ आहे. रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यालाच तो आधी आठवण करून देतो, की सगळ्यांची परवानगी घ्या, बाहेरून आलेल्यांची आणि उशिरा येणाऱ्यांचीसुद्धा. मग सगळ्यांना सूचना जाते आणि फाइल ड्राइव्हमधल्या ‘Meet Recordings’ फोल्डरमध्ये पडते. पण साध्या फुकटच्या जीमेलवरच्या मीटमध्ये किंवा वर्कस्पेसच्या अगदी स्वस्त प्लॅनमध्ये रेकॉर्डिंगची सोयच नाही. मग आपली मंडळी काय करतात? मोबाइलचा स्क्रीन रेकॉर्डर लावतात! आणि तिथे कुणालाच काही कळत नाही. ना पट्टी, ना चौकोन, ना बाई. आमच्याकडच्या छोट्या ऑफिसांत सर्वांत जास्त रेकॉर्डिंग याच मार्गाने होतं, आणि याच्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. तिथे उपयोगी पडतो तो ऑफिसचा लेखी नियम: रेकॉर्डिंग फक्त मीटिंग बोलावणारा करेल, आणि फक्त सॉफ्टवेअरच्या बटणाने.

‘पण कोर्टात तर चालतं ना?’

हा प्रश्न मला प्रत्येक ऑफिसात विचारला जातो. साहेबांनी व्हॉट्सअॅपवर कुठेतरी वाचलेलं असतं, की दोघांपैकी एकाला माहीत असलं तरी रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतं. अगदीच चूक नाही ते. याची कहाणी तर आपल्या मुंबईचीच आहे. 1964 मध्ये मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्यावर एका मृत्यूच्या चौकशीत एका डॉक्टरकडून लाच मागितल्याचा आरोप झाला. मध्यस्थ असलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या घरी लाचलुचपतवाल्या पोलिसांनी त्याच्या संमतीने टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि मलकानींचं बोलणं भरून घेतलं. मलकानींना अर्थातच पत्ता नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1972 मध्ये न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून ग्राह्य धरली. अगदी अलीकडे, जुलै 2025 मध्ये, नवरा-बायकोच्या गुपचूप रेकॉर्ड केलेल्या बोलण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या खटल्यात तोच कौल दिला.

पण बॉस, हा प्रश्न वेगळा आणि आपला वेगळा. न्यायालय बघत होतं की समोर आलेली टेप ऐकायची की नाही. कंपनीने दर पंधरा दिवसांनी साठ माणसांचे आवाज, चेहरे आणि मोबाइल नंबर गोळा करून कपाटात ठेवायचे का, हा प्रश्न तिथे नव्हताच. त्यासाठी आपल्याकडे आता वेगळा कायदा आहे: 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि सूचना-संमतीची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात.

या कायद्यातल्या दोनच गोष्टी सांगते, कारण ऑफिसच्या सूचनेसाठी त्याच कामाच्या आहेत. पहिली म्हणजे, संमती ज्या कामासाठी घेतली तेवढ्यापुरतीच असते. ‘मीटिंगची नोंद’ म्हणून घेतलेला आवाज उद्या पेमेंटच्या भांडणात काढायचा, हे त्या संमतीत बसत नाही. दुसरी म्हणजे, सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. त्या यादीत 22 भाषा आहेत आणि मराठी तर सुरुवातीपासून आहे. तेव्हा ‘सॉफ्टवेअरमध्ये मराठी नव्हतं’ ही सबब पुढे कामी येणार नाही.

स्टाफला विचारायचं की सांगायचं?

एचआरच्या मॅडमशी माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे. त्यांचं म्हणणं, स्टाफकडून एक संमतिपत्र सही करून घेऊ, जॉइनिंग लेटरसोबत, विषय संपला. मी म्हटलं, थांबा. ज्याची पगारवाढ तुमच्या हातात आहे, त्याला ‘रेकॉर्ड करू का?’ विचारलं तर तो नाही म्हणणार आहे का? कायद्याने संमती ‘मुक्त’ असायला हवी, आणि ही मुक्त नाही हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. म्हणूनच कायद्याने नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय डेटा वापरायची वेगळी सोय ठेवली आहे. तेव्हा स्टाफकडून खोटी संमती घेण्यापेक्षा त्यांना सरळ सांगा: अमुक मीटिंगा रेकॉर्ड होतात, अमुक होत नाहीत, फाइल इतके दिवस राहते, अमुक माणूस बघतो. अर्थात नोकरीचं काम या शब्दांत सगळं मावत नाही. सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा कॉल रेकॉर्ड करून ठेवणं हे नोकरीचं काम नव्हे!

शेतकरी, डीलर, ऑर्गनायझर, मुलाखतीला आलेला उमेदवार ही मात्र बाहेरची माणसं. त्यांना विचारायचंच. आणि नाही म्हणायला खरीखुरी वाट ठेवायची.

कंपन्यांसाठी एक अपवाद सांगून टाकते, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. संचालक मंडळाची, म्हणजे बोर्डाची मीटिंग व्हिडिओवर घेतली तर तिथे रेकॉर्डिंग ऐच्छिक नाही. 2014 च्या नियमांनुसार ते करावं आणि जपून ठेवावं लागतं. आणि सुरुवातीला अध्यक्ष हजेरी घेतात: प्रत्येक संचालक आपलं नाव सांगतो, कुठून बोलतोय ते सांगतो, आणि आपल्याशिवाय तिथे दुसरं कुणी ऐकत नाही हेही सांगतो. मला हे वाचून जाम आनंद झाला. स्क्रीनच्या चौकोनामागे नक्की कोण आहे हा ओट्यावरचा प्रश्न कायदा करणाऱ्यांना बोर्डरूमसाठी तेव्हाच सुचला होता! आम्ही सरळ तीच युक्ती उचलली.

आता लिहायचं काय?

सूचना लिहायला बसलं की सगळे एकदम सरकारी होतात. ‘सदर बैठकीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्यात येत असून...’ नको हो! ओट्यावर बसलेल्या माणसाला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे. आम्ही दोन मजकूर केले. पहिला लिंकसोबत व्हॉट्सअॅपवर जातो:

‘ही मीटिंग रेकॉर्ड होणार आहे. तुमचा आवाज, चेहरा, स्क्रीनवर दिसणारं नाव किंवा नंबर आणि चॅट त्यात येईल. काय ठरलं ते लिहून काढण्यासाठीच हे रेकॉर्डिंग वापरू. पेमेंट किंवा तक्रारीच्या निर्णयासाठी वापरणार नाही. फाइल 30 दिवसांनी पुसली जाईल. रेकॉर्ड व्हायचं नसेल तर ऑर्गनायझरला सांगा किंवा आम्हाला फोन करा. तुमचं म्हणणं फोनवर लिहून घेऊ. नंतर मन बदललं तरी याच नंबरवर कळवा. समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.’

यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक भांडण झालं. पेमेंटसाठी वापरणार नाही, हे लिहायला अकाउंट्सचा विरोध होता. पण ज्या गोष्टीवरून आग लागली तीच मोघम ठेवायची तर सूचना काढायचीच कशाला? 30 दिवस का? कारण मिनिट्स लिहून, ऑर्गनायझरला पाठवून, दुरुस्त्या येईपर्यंत दोन मीटिंगा होतात, त्यानंतर त्या फाइलला काम नाही. सॉफ्टवेअरवर सोडलं असतं तर फाइल पडून राहिली असती. टीम्स स्वतःहून 120 दिवसांनी रेकॉर्डिंग काढून टाकतं, तेही अॅडमिनने बदललं नसेल तर. आणि लॅपटॉपवर उतरवून घेतलेली प्रत तर कुठलंच सॉफ्टवेअर पुसत नाही. तो शेतकऱ्याचा तुकडा असाच अधिकाऱ्याच्या ‘डाउनलोड्स’मध्ये सापडला होता.

नंतर मन बदललं तर काय, हाही प्रश्न आलाच. संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं असं कायदा म्हणतो. अंगठा टेकवून दिलेली संमती मागे घेण्यासाठी अर्ज लिहा, जालन्याला या, असं चालणार नाही. म्हणून एक फोन नंबर. त्यावर मिस कॉल दिला तरी ऑफिस उलट फोन करतं. साठ जणांच्या फाइलमधून एकाचा आवाज काढायचा कसा? तेवढी एडिटिंगची सोय नसेल तर मिनिट्स लगेच पूर्ण करून अख्खी फाइलच लवकर पुसायची, असं ठरलं.

दुसरा मजकूर बोलायचा आहे. रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी होस्ट म्हणतो: ‘रामराम मंडळी. आता रेकॉर्डिंग सुरू करतोय, काय ठरलं ते लिहायला. महिन्याने पुसून टाकू. प्रत्येक ऑर्गनायझरने सांगा, तुमच्याजवळ कोण कोण बसलंय, आणि सगळ्यांना चालेल का.’ मग हजेरी. नावं येतात. कुणी नको म्हणालं तर त्या ओट्याचं बोलणं बटण दाबण्याआधी उरकून घेतात, किंवा तो माणूस ऐकतो आणि नंतर फोनवर बोलतो. बाईंचा इंग्रजी आवाज अर्थातच परत चालू केला. मॅनेजरना तो अजून इरिटेटिंग वाटतो.

पहिल्या मीटिंगला या हजेरीला अकरा मिनिटं लागली आणि सगळे वैतागले. चौथ्या मीटिंगपर्यंत चार मिनिटांवर आली, कारण ऑर्गनायझर आधीच नावं लिहून पाठवायला लागले. उशिरा शेतातून येणाऱ्याचा प्रश्न मात्र सुटायला वेळ लागला. यंत्राला तो आल्याचं कळत नाही, तो तर फक्त ओट्यावर येऊन टेकतो. शेवटी एका ऑर्गनायझरनेच तोडगा काढला: मोबाइलच्या शेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘भरणं चालू आहे’ लिहून ठेवायचं. बटण बंद झालं की पुठ्ठा उलटा.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून करून घेतली. मीटिंग संपल्यावर साहेब ‘थँक्यू’ म्हणतात, निम्मे निघून जातात, आणि मग उरलेल्यांत खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाची बदली, कुणाचं डोकं सटकलं, कोणत्या डीलरने किती थकवलंय. रेकॉर्डिंग तोवर चालूच असतं! सॉफ्टवेअरने सुरू करताना सांगितलं तर खरं, पण तासाभरापूर्वी. त्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याकडे आता कोण बघतंय? म्हणून ‘थँक्यू’च्या आधी बटण बंद करायचं, आणि बंद केल्याचं मोठ्याने सांगायचं, असा क्रम होस्टच्या टेबलावर चिकटवला आहे.

आता त्या शेतकऱ्याचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. जीओटीचा निकाल बदलला नाही, बदलायचं कारणही नव्हतं. पण तो तुकडा त्याच्यासमोर पुसला, कचरापेटीतूनही काढला, आणि पेमेंटचा वाद चाचणीच्या कागदांवर मिटवायचं ठरलं. पुढच्या हंगामात त्याने पुन्हा प्लॉट घेतला. हजेरीत त्याचा ओटा आला, की ऑर्गनायझरच्या आधी तोच बोलतो: ‘आम्ही सात जण हाव, चालतंय. पण कालची फाइल पुसली का ते सांगा आधी!’